उपचार चालू असताना अप्रेझल पुढे ढकलायचंय, नेमकं काय आणि कसं मागावं?

पाऊलवाट
नमस्कार. मी एका कंपनीत सपोर्ट टीमची लीड आहे. ऑक्टोबरमध्ये स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालं आणि नोव्हेंबरपासून केमो चालू आहे. दर २१ दिवसांनी एक, एकूण ६. तिसरी १८ डिसेंबरला झाली, चौथी ८ जानेवारीला आहे.

आमचं मूल्यमापनाचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर. सेल्फ अप्रेझलचा फॉर्म ६ जानेवारीला उघडतो आणि १० ला बंद होतो. मॅनेजरबरोबरची बैठक २० ते २४ च्या दरम्यान, आणि पगारवाढ १ फेब्रुवारीपासून. ऑक्टोबरपर्यंत मी पूर्णवेळ काम केलंय आणि ते चांगलं झालंय असं मला स्वतःला वाटतं. त्यानंतर अर्धवेळ, घरून, मधे मधे वैद्यकीय रजा.

माझा विचार आहे की सगळं अप्रेझल मार्चच्या मध्यावर न्यावं. तोपर्यंत केमो संपलेली असेल, डोकं थोडं ताळ्यावर आलेलं असेल. आत्ता एक साधी मेल लिहायलाही वेळ लागतो, शब्द आठवत नाहीत. एचआरला आजार माहीत आहे. मॅनेजरला फक्त "उपचार चालू आहेत" एवढंच. विनंती कशी करावी, कारण किती सांगावं, आणि याने माझं नुकसान तर होणार नाही ना? कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

मंदार७
ताई, कृपा करून केमो पुढे ढकलू नका. ऑफिसचं काम होत राहील. डॉक्टरांनी ठरवलेली तारीख पाळणं सगळ्यात महत्त्वाचं. माझ्या मावशीने घरातल्या एका कार्यासाठी तारीख पुढे नेली होती, नंतर तिलाच त्याची चुटपुट लागून राहिली.

पाऊलवाट
मंदार, केमो नाही ढकलत हो. अप्रेझल ढकलायचंय. पण काळजीबद्दल मनापासून आभार.

स्पष्टवक्ता
एवढा पत्रव्यवहार कशाला? बैठकीच्या दिवशी सकाळी तब्येत बरी नाही म्हणून कळवा आणि रजा टाका. बैठक आपोआप पुढे जाईल. आजाराचं नाव मॅनेजरला सांगायला तुम्ही बांधील नाही. एकदा लेखी गेलं की ते कायमचं फाईलला राहतं.

जुनी_फाईल
मी बरीच वर्षं एचआरमध्ये काढली आहेत, त्यातली निम्मी अप्रेझलच्या टेबलावर. स्पष्टवक्ता यांचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. आजाराचं नाव सांगायची गरज नाही. पण "बैठक आपोआप पुढे जाईल" यातच गोम आहे. बैठक पुढे जाते, रेटिंग जात नाही.

लोकांना वाटतं की बैठकीत बोलणं होतं आणि त्यावरून रेटिंग ठरतं. बहुतेक मोठ्या कंपन्यांत मॅनेजर आपलं रेटिंग आधीच सिस्टिममध्ये टाकतो. मग विभागातले सगळे मॅनेजर आणि विभागप्रमुख एकत्र बसतात, सगळ्यांची रेटिंग शेजारी शेजारी ठेवतात आणि वरखाली करतात. त्याला आम्ही कॅलिब्रेशन म्हणतो. पगारवाढीची रक्कम त्यानंतर वाटली जाते. कर्मचाऱ्याने फॉर्म भरला नाही म्हणून ही बैठक थांबत नाही. त्याची बाजू कोरी राहते, एवढंच. तुमच्या नावावर चर्चा होईल तेव्हा मॅनेजरच्या हातात तुमच्या दहा महिन्यांचं काही लिहिलेलं नसेल, आणि इतरांच्या मॅनेजरांकडे पानं भरून असेल.

म्हणून आधी हे ठरवा की ढकलायचंय काय. यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत. फॉर्म भरणं, रेटिंग ठरणं आणि समोरासमोरचं बोलणं, ज्यात नव्या वर्षाची उद्दिष्टंही येतात. "माझं अप्रेझल पुढे ढकला" असं मोघम लिहिलंत तर तिन्हीचं काय करायचं ते दुसरं कुणीतरी ठरवेल.

तुमच्याकडे कॅलिब्रेशन कधी आहे, ते आधी विचारा.

पाऊलवाट
विचारलं. २८ जानेवारी. हे मला माहीतच नव्हतं, कॅलेंडरवर फक्त आमच्या तारखा दिसतात.

जुनी_फाईल
मग सगळं मार्चवर नेण्यात काय धोका आहे ते सांगतो. पगारवाढीसाठी विभागाला एक ठरावीक रक्कम मिळते. २८ तारखेनंतर ती वाटून होते. मार्चमध्ये तुमचं रेटिंग उत्तम ठरलं तरी तेव्हा उरलेल्यातून द्यावं लागतं, किंवा वरून खास मंजुरी आणावी लागते. काही ठिकाणी उशिरा येणाऱ्यांसाठी रक्कम बाजूला काढून ठेवतात, काही ठिकाणी नाही. आणि वाढ १ फेब्रुवारीपासून धरणार की रेटिंग ठरल्याच्या तारखेपासून, हे लेखी मिळालं नसेल तर दुसरंच गृहीत धरा.

दुसरा धोका कालावधीचा. पुढे ढकललं की कधी कधी कुणीतरी सहज म्हणतं, "मग मार्चपर्यंतचंच काम बघू." म्हणजे चांगल्या दहा महिन्यांत आजारपणाचे आणखी अडीच महिने मिसळले.

तुमच्या बाबतीत माझं मत असं की रेटिंग सगळ्यांबरोबर जाऊ द्या. फॉर्मला थोडी मुदत मागा. उद्दिष्टांचं बोलणं मात्र मार्चमध्ये न्या, कारण उपचार संपल्यावर तुम्ही किती तास काम करू शकाल हे आज तुम्हालाही माहीत नाही. आणि कामाची मोजणी हजर असलेल्या महिन्यांवरच व्हावी, रजेचे दिवस वगळून, हे वेगळं मागा. अनेकदा ढकलण्यापेक्षा ही मागणीच जास्त उपयोगाची असते.

अनाहत
जुनी_फाईल यांच्याशी पूर्ण सहमत नाही. माझा अनुभव उलटा आहे. माझं मणक्याचं ऑपरेशन झालं होतं, मी काहीही ढकललं नाही, पडल्या पडल्या फोनवर बैठक केली. वेदनाशामक गोळ्यांच्या गुंगीत होतो. मॅनेजरने दोन जुन्या तक्रारी काढल्या, त्यांना माझ्याकडे व्यवस्थित उत्तर होतं, पण त्या दिवशी सुचलं नाही. मी "हो, हो" करत गेलो आणि ते "कर्मचाऱ्याने मान्य केले" असं नोंदलं गेलं. ते रेटिंग वर्षभर बदललं नाही. मी तरी म्हणेन, डोकं चालत नसेल तर सगळंच ढकला. पैसे दोन महिने उशिरा आले तरी चालतील.

जुनी_फाईल
अनाहत, तुम्ही म्हणता तो प्रसंग खरंच वेगळा आहे, आणि तिथे मीही रेटिंगसकट सगळं ढकला असंच सांगितलं असतं. वाद असेल, मॅनेजर कमी रेटिंग देणार याची कुणकुण लागली असेल, किंवा सुधारणा योजनेवर टाकायची भाषा चालू असेल, तर स्वतःची बाजू मांडायला माणूस शुद्धीत आणि सावध हवा. पाऊलवाट यांचा मॅनेजर बाजूने आहे असं मी धरून चाललो. ताई, तसं आहे ना?

पाऊलवाट
हो, आहेत. उलट तेच म्हणाले की फार दगदग करू नका. पण एक ऐकलंय, नक्की नाही. फेब्रुवारीत ते दुसऱ्या विभागात जाणार आहेत.

जुनी_फाईल
मग मार्चचा विचार सोडाच. मार्चमध्ये तुमचं रेटिंग अशा माणसाने ठरवायचं ज्याने तुमचं एक दिवसही काम पाहिलेलं नाही? ढकललेल्या अप्रेझलमध्ये मी सर्वांत जास्त नुकसान इथेच झालेलं पाहिलंय. आजारपणामुळे नाही, साहेब बदलल्यामुळे. आत्ताच्या मॅनेजरकडून तुमच्या दहा महिन्यांबद्दलचं मत जायच्या आधी लिहून घ्या, रेटिंग कधीही ठरो.

रातपाळी
मी केमो वॉर्डात नर्स आहे. ऑफिसचं मला फारसं कळत नाही, पण तारखा बघून राहवलं नाही म्हणून लिहितेय.

ताई, तुमच्या २१ दिवसांत सगळे दिवस सारखे नसतात, हे तुम्हाला आतापर्यंत कळलंच असेल. केमोसोबत स्टिरॉइड देतात, त्यामुळे पहिले एक-दोन दिवस अनेकांना तरतरी वाटते, झोपही येत नाही. त्या भरात लोक हो म्हणून बसतात. मग तिसऱ्या दिवसापासून ते उतरतं आणि अंग गळून जातं. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात, तेव्हा थकवा थोडा कमी झाला तरी गर्दीत जायचं नसतं. सोळाव्या दिवसापासून पुढच्या केमोपर्यंत बहुतेकांना सगळ्यात बरं वाटतं. प्रत्येकाचं थोडं वेगळं असतं, म्हणून तुमच्या आधीच्या तीन सायकलींत कसं गेलं ते आठवून बघा.

आता ८ जानेवारी पहिला दिवस धरला तर १० तारीख म्हणजे तिसरा दिवस. फॉर्म भरायला याहून वाईट दिवस नाही. पण २३ ते २८ हे सोळा ते एकवीस, म्हणजे बैठकीसाठी चांगले. आणि आत्ताची सायकल बघितली तर २ ते ७ जानेवारी हेही तुमचे चांगले दिवस. फॉर्म ६ ला उघडणार असला तरी मजकूर आधीच साध्या कागदावर लिहून ठेवता येईल ना?

पाऊलवाट
रातपाळी ताई, हे मी असं मांडून पाहिलंच नव्हतं. तिन्ही वेळा अगदी असंच झालंय. पहिल्या दिवशी मी टीमला मोठाल्या मेल पाठवल्या होत्या आणि चौथ्या दिवशी त्या मला वाचवतही नव्हत्या. लिहून ठेवायला आजपासूनच घेते.

स्पष्टवक्ता
मी माझं थोडं बदलतो. लेखी द्या, पण प्रमाणपत्राचं काय? डॉक्टर त्यावर कर्करोग, केमो सगळं लिहून देतात आणि ते पाच जणांच्या टेबलावरून फिरतं. हा मुद्दा मी सोडणार नाही.

जुनी_फाईल
सोडूही नका, मुद्दा खरा आहे. डॉक्टरांना सांगायचं की आजाराचं नाव नको, काय करता येत नाही आणि कधीपर्यंत तेवढं लिहा. "यांचे उपचार चालू आहेत. ८ ते २० जानेवारी या काळात दीर्घ लेखी काम आणि लांब बैठका टाळाव्यात. २२ जानेवारीनंतर पुन्हा आढावा." एवढ्यावर विनंती मंजूर करता येते. "पूर्ण बरे होईपर्यंत" असं लिहून आणू नका, त्यावर कुणी तारीख ठरवू शकत नाही आणि अर्ज तसाच पडून राहतो. प्रमाणपत्र एचआरकडे द्या, मॅनेजरला फक्त तारखा कळवा. ते अप्रेझलच्या फाईलला न लावता वेगळं ठेवावं असंही त्याच मेलमध्ये लिहा.

धुकं
थोडं विषयाला सोडून आहे, पण विचारतो. माझ्यावर नैराश्याचे उपचार चालू आहेत. इथे कुणाला २१ दिवस सांगता येतात. माझं तसं नाही. डॉक्टर म्हणाले की गोळीचा परिणाम नीट दिसायला चार ते सहा आठवडे लागतील, आणि नाही लागू पडली तर बदलायची, म्हणजे पुन्हा तेवढेच. माझंही अप्रेझल पुढच्या महिन्यात आहे. मी कुठली तारीख मागू?

जुनी_फाईल
विषयाला सोडून अजिबात नाही. बरं होण्याची तारीख तुम्ही देऊच नका. डॉक्टरांच्या पुढच्या तपासणीची तारीख द्या. "अमुक तारखेला तपासणी आहे, त्यानंतर पाच दिवसांत मी तयार आहे की आणखी मुदत हवी ते कळवेन." लोक एकदा ढकलणं सहज मान्य करतात, दुसऱ्यांदा कुरकुर होते. म्हणून पहिल्याच मेलमध्ये दुसरी मुदत लागू शकते हे लिहिलेलं असावं.

धुकं
आणि मॅनेजर म्हणाला, "पण तू तर रोज ऑफिसला येतोस, ठीक दिसतोस," तर?

अनाहत
हे मलाही ऐकायला लागलं होतं. बसून काम करता येतं, म्हणजे तासभर स्वतःच्या कामावरचे प्रश्न झेलता येतात असं नाही. मी डॉक्टरांचं पत्र पुढे केलं तेव्हा थांबले. पण नातं बिघडलं ते बिघडलंच. याला उत्तर माझ्याकडे नाही.

पाऊलवाट
कालपासून लिहून हा मसुदा तयार केलाय. बघता का जरा?

> मा. ... सर,
>
> माझे वैद्यकीय उपचार चालू आहेत आणि ८ ते २० जानेवारी या काळात मला लेखी काम व लांब बैठका टाळण्याचा सल्ला आहे. डॉक्टरांचं प्रमाणपत्र एचआरकडे दिलं आहे. ते अप्रेझलच्या फाईलपासून वेगळं ठेवावं ही विनंती. त्यानुसार माझ्या अप्रेझलबाबत पुढील बदल हवे आहेत.
>
> सेल्फ अप्रेझल भरण्याची मुदत १० ऐवजी २० जानेवारी मिळावी. आपली बैठक २७ जानेवारीला ऑनलाइन, अर्ध्या तासाची व्हावी. उपचारांची तारीख पुढे गेल्यास हे दोन दिवस बदलावे लागतील, तसं मी लगेच कळवेन. माझं रेटिंग २८ जानेवारीच्या बैठकीत इतरांसोबतच विचारात घ्यावं. कामाचं मोजमाप मी प्रत्यक्ष कामावर असलेल्या काळावर व्हावं आणि वैद्यकीय रजेचा काळ वगळावा. नव्या वर्षाची उद्दिष्टं मार्चच्या मध्यावर ठरवावीत.
>
> पगारवाढ लागू होण्याच्या तारखेत यामुळे बदल होणार नाही, याची लेखी खात्री मिळाल्यास आभारी राहीन.

जुनी_फाईल
चांगलं आहे. एकच भर घाला. बैठक २८ च्या आधी होऊ शकली नाही तर काय, ते लिहिलेलं नाही. "बैठक त्यानंतर झाल्यास रेटिंगवर माझं म्हणणं नोंदवण्याची आणि त्याचा फेरविचार होण्याची संधी मिळावी" असं एक वाक्य टाका. मेल मॅनेजरला, प्रत एचआरला. आणि ६ तारखेच्या आत पाठवा, फॉर्म उघडल्यावर मुदत वाढवायला त्यांना सिस्टिममध्ये वेगळी परवानगी लागू शकते.

स्पष्टवक्ता
"रजेचा काळ वगळावा" हे वाक्य मला खटकतं. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तुम्ही अर्धवेळ का होईना काम केलंय, तेही आजारी असताना. ते सगळं का वगळायचं?

पाऊलवाट
खरंय. डिसेंबरमधलं एक काम तर मला फॉर्ममध्ये लिहायचंच आहे, नवीन लोकांसाठी तक्रारी हाताळण्याची पद्धत लिहून दिली ते. मग वाक्य असं करू का, "रजेचे दिवस वगळावेत आणि अर्धवेळ काळातली उद्दिष्टं त्या प्रमाणात धरावीत"?

जुनी_फाईल
हे माझ्या सुचवण्यापेक्षा बरं आहे. असंच ठेवा.

पाऊलवाट
उत्तर आलं. फॉर्मला २० पर्यंत मुदत मिळाली. २७ ची ऑनलाइन बैठक मान्य. उद्दिष्टं मार्चमध्ये, ती नवे मॅनेजर ठरवतील. म्हणजे बदलीची बातमी खरी निघाली. पगारवाढ सगळ्यांबरोबर १ फेब्रुवारीपासून, हे एचआरने लेखी दिलंय. अर्धवेळ काळाचं प्रमाणही मान्य. फक्त फेरविचाराला नाही म्हणाले. कॅलिब्रेशननंतर सिस्टिम लॉक होते, बदल फक्त विभागप्रमुखांच्या परवानगीने.

अनाहत
बघा, हेच मी म्हणत होतो. गोड गोड मान्य केलं आणि जे खरं लागतं तेच नाकारलं. मी असतो तर रेटिंगच थांबवायला सांगितलं असतं.

जुनी_फाईल
लॉकचं कारण खरं असतं, त्यामागे दरवेळी डाव नसतो. पण अनाहत यांची शंका अगदीच चुकीची आहे असंही मी म्हणणार नाही. ताई, रेटिंग बदलता आलं नाही तरी त्याला कर्मचाऱ्याची टीप जोडता येते का, ते विचारा. काही सिस्टिममध्ये लॉक झाल्यावरही ती जोडता येते. आणि विभागप्रमुखांची परवानगी कोणत्या तारखेपर्यंत मागता येते, तेही आत्ताच विचारून ठेवा.

पाऊलवाट
टीप जोडता येईल म्हणाले. परवानगीच्या तारखेचं उत्तर अजून आलेलं नाही, उद्या पुन्हा विचारते. मजकूर दीड पान झालाय.

धुकं
मी पण आज मेल पाठवली, तपासणीच्या तारखेसकट. उत्तर यायचंय.

रातपाळी
ताई, एक राहिलं. केमोच्या आधी रक्ताचा रिपोर्ट बघतात, आणि पेशी कमी असतील तर चौथी केमो आठवडाभर पुढे जाऊ शकते. तसं झालं आणि ती १५ ला गेली तर २० तारीख तुमचा सहावा दिवस होईल आणि २७ तेरावा. मेलमध्ये तुम्ही तारीख बदलेल असं लिहिलंय ते बरं केलंत, पण २८ ची त्यांची बैठक तुमच्यासाठी हलणार नाही. म्हणून रिपोर्टमध्ये तारीख पुढे गेली असं कळलं तर २० ची वाट बघू नका. ८ ते १४ मध्येच फॉर्म भरून टाका आणि मॅनेजरांनाही त्याच दिवसांत बोलायला वेळ आहे का विचारा. त्या आठवड्यात नवा डोस गेलेला नसेल, पेशी कमी असल्या तरी डोकं बहुधा चालत असतं. बोलणं मात्र ऑनलाइनच ठेवा.

पाऊलवाट
रक्ताची तपासणी ६ ला आहे, रिपोर्ट ७ ला. मॅनेजरांना आत्ताच दोन्ही तारखा कळवून ठेवते, १३ आणि २७. रिपोर्ट आला की त्यातली एक पक्की करेन.